धागा: गल्लीच्या फोटोत दिव्यांच्या माळा आणि आकाशकंदील – झोळ, झळाळी आणि ओल्या फरशीतलं प्रतिबिंब

गल्लीतला_कॅमेरा (धागाकर्ता)

मंडळाच्या दिवाळी शुभेच्छापत्रासाठी चाळींमधल्या गल्लीचा फोटो काढलाय. सूर्य मावळल्यानंतरची निळी वेळ आहे, दोन्ही बाजूंना लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या आहेत आणि सडा घातल्यामुळे शहाबादी फरशी ओली आहे. माळा लागायच्या आधीचा फोटो असल्यामुळे दिवे नंतर फोटोशॉपमध्ये घालायचे आहेत. गल्लीवरून आडव्या पिवळसर बल्बच्या माळा आणि मधोमध पाच छोट्या कंदिलांची एक दोरी, एवढंच हवंय.

माहिती: फुल-फ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स, फोटो ६००० × ४००० पिक्सेल. ट्रायपॉडवर कॅमेरा १.५ मीटर उंच, पातळी लावून अगदी सरळ. गल्ली ४.५ मीटर रुंद.

पेन टूलने वक्र काढून त्यावर बल्ब ठेवले, `Outer Glow` दिला, सगळं उलटं करून खाली फिकट ठेवलं. दिसायला मात्र वरून चिकटवल्यासारखं दिसतंय. कुठे चुकतंय?

---

रेषाबंध

फोटो पाहिला. झोळ फार पडलाय. माळेच्या लांबीच्या आठ-दहा टक्के झोळ ठेवा, डोळ्याला बरोबर वाटतो. सगळ्या माळांना तोच वक्र कॉपी करून लहान-मोठा करा. झळाळीसाठी `Outer Glow` केशरी, `Screen` मोडमध्ये. प्रतिबिंबासाठी दिव्यांचे सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घ्या, `Flip Vertical` करा, तीस टक्के ठेवा आणि थोडा `Motion Blur` उभा द्या. याहून जास्त कोणी बघत नाही.

---

ओळंबा

आठ-दहा टक्क्यांचं बरोबर आहे. ग्रुप एकदम उलटा करणं मात्र चूक आहे आणि फोटो चिकटवल्यासारखा दिसण्याचं मोठं कारण तेच आहे. तिकडे नंतर येतो, आधी मोजमाप. या फोटोत सगळं मोजता येतं.

दाराची उंची साधारण दोन मीटर धरा. तुमच्या डाव्या हाताचं तिसरं दार फोटोत ५२० पिक्सेल उंच आहे. म्हणजे त्या अंतरावर एक मीटर म्हणजे २६० पिक्सेल. ती जागा कॅमेऱ्यापासून साधारण १५ मीटरवर येते. त्या दाराजवळून आडवी जाणारी माळ ४.५ × २६० म्हणजे ११७० पिक्सेल रुंद हवी. आठ टक्के झोळ म्हणजे ३६ सेंटिमीटर, म्हणजे ९४ पिक्सेल. बल्ब दहा-दहा सेंटिमीटरवर असतील तर दोन बल्बमध्ये २६ पिक्सेल.

याच्या दुप्पट अंतरावरच्या माळेला सगळंच निम्मं: ५८५ रुंदी, ४७ झोळ, १३ पिक्सेलचं अंतर. तुम्ही माळा लहान केल्यात, पण बल्बमधलं अंतर सगळीकडे सारखंच ठेवलंय. डोळा पहिल्यांदा तिथेच अडखळतो, कारण त्यामुळे लांबची माळ विरळ दिव्यांची वाटते.

वक्र काढताना पेन टूलचे फक्त दोन बिंदू घ्या, दोन टोकांना. दोन्ही हँडल आडव्या अंतराच्या एक तृतीयांशावर आणि टोकांच्या रेषेपासून झोळाच्या १.३३ पट खाली ओढा. ९४ च्या झोळाला १२५. वक्र मध्यावर बरोबर ९४ पिक्सेल खाली उतरतो. एक टोक वर आणि एक खाली बांधलं असेल तरी हीच रीत, फक्त खोली तिरक्या रेषेपासून सरळ खाली मोजायची. मग माळेचा सगळ्यात खालचा बिंदू आपोआप बुटक्या टोकाकडे सरकतो. तो हाताने मधोमध आणायचा मोह टाळा.

मग ८ पिक्सेलचा गोल कडक ब्रश, `Spacing` ३२५ टक्के, आणि पाथवर `Stroke Path`. त्या खिडकीत `Simulate Pressure` ची खूण काढून टाका, नाहीतर टोकांकडचे बल्ब बारीक होत जातात.

---

कोपऱ्यावरचं_घर

आमच्या सोसायटीत दोन इमारतींच्या मधे सहा मीटरचं अंतर आहे, तिथे अर्धा मीटर झोळ हवा आहे. आठ मीटरची माळ घेतली तर पुरेल ना? थोडी शिल्लक राहिलेली बरी.

---

ओळंबा

@कोपऱ्यावरचं_घर, इथे फोटोत माळा घालण्याबद्दल चाललंय, तरी उत्तर देतो कारण ते इथेही उपयोगी आहे. सहा मीटरच्या अंतराला अर्धा मीटर झोळ पडायला दोरी फक्त ११ सेंटिमीटर जास्त लागते. आठ मीटरची माळ पूर्ण सोडलीत तर ती माणसांच्या डोक्याला लागेल. आणि माळ स्वतःच्या वायरवर ताणू नका. आधी नायलॉनची दोरी किंवा बारीक तार बांधा, तिला माळ ठिकठिकाणी बांधत न्या. जास्तीची माळ खांबाला उभी खाली सोडा.

धागाकर्त्यासाठी यातला मुद्दा असा की खऱ्या गल्लीत कोणी ११ सेंटिमीटर मोजून दोरी सोडत नाही. दोरी पाच-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली की झोळ चांगलाच बदलतो. म्हणून एकाच वक्राच्या प्रती नकोत. तुमच्या पाच माळांना सहा, आठ, नऊ, सात, अकरा टक्के असे वेगवेगळे झोळ द्या. एखादी जवळजवळ ताठ असेल तरी चालेल. सगळ्या सारख्या झुकल्या की हाताने बांधल्यासारख्या वाटत नाहीत.

---

गल्लीतला_कॅमेरा

आकडे घालून पाहिले, आडव्या माळा एकदम जागेवर बसल्या. पण डाव्या गॅलरीच्या कठड्यालगत एक माळ आत आत जाते, खांबापासून खांबापर्यंत. तिचा झोळ कसाही काढला तरी वाकडा दिसतो.

---

ओळंबा

ती माळ आपल्यापासून दूर जाते, म्हणून तिचा मध्य फोटोत मधोमध नसतो. जवळचा खांब १० मीटरवर आणि पुढचा १५ मीटरवर आहे असं धरा. खरा मध्य साडेबारा मीटरवर. फोटोत तो जवळच्या खांबापासून ६० टक्के अंतरावर पडतो. जवळच्या निम्म्या माळेने साठ टक्के जागा खाल्ली आणि लांबच्या निम्म्या माळेला चाळीसच उरली.

आकडेमोड नको असेल तर दोन खांबांच्या माथ्यांवरून आणि तळांवरून जो चौकोन होतो त्याचे कर्ण काढा. कर्ण छेदतात तिथे खरा मध्य. त्यातून उभी रेषा काढून वरच्या रेषेला भेटवा आणि तिथून झोळ खाली मोजा, तोही त्या अंतराच्या मापाने. पाथला तिथे तिसरा बिंदू द्या. बल्बही जवळ मोठे आणि विरळ, दूर लहान आणि दाट. अशा माळेला एकच `Spacing` चालत नाही. तिला चार तुकड्यांत स्ट्रोक करा, प्रत्येक तुकड्याला ब्रश थोडा लहान.

---

खळ_आणि_कागद

कंदिलांच्या दोरीबद्दल कोणी बोललं नाही. फोटोत पाच कंदील एका गुळगुळीत वक्रावर लटकलेत, असं होत नाही. बल्बच्या माळेत वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं म्हणून ती गोलाईत झुकते. कंदिलांचं वजन मोजक्या जागी असतं, दोरी त्यापुढे हलकी. त्यामुळे दोरी कंदिलापासून कंदिलापर्यंत जवळजवळ सरळ जाते आणि प्रत्येक कंदिलापाशी कोन करून मोडते.

दुसरं म्हणजे दोरी तिरकी असली तरी कंदील तिरका होत नाही. पहिला आणि शेवटचा कंदील तुम्ही वक्राबरोबर फिरवलाय. आकाशकंदील उभाच लटकतो. वारा असेल तर सगळ्यांच्या झिरमिळ्या एकाच बाजूला उडतात.

आणि कागद. तुमचे कंदील सगळीकडे सारखे उजळलेत, फुग्यासारखे. पेटलेला कंदील जवळून बघा. आतल्या बल्बसमोरचा कागद सगळ्यात उजळ असतो, कोपऱ्यांकडे रंग गडद होत जातो. बांबूच्या काड्या आतून काळसर रेघांसारख्या दिसतात. जिथे कागद कागदावर खळीने चिकटवलेला असतो तिथे तो दुहेरी होतो, आणि ती बोटभर पट्टी बाकीच्या कागदापेक्षा गडद आणि जास्त लालसर दिसते. केशरी कंदिलात ती जवळजवळ विटकरी होते. झिरमिळ्यांच्या आत दिवा नसतो, त्यांना फक्त वरून कंदिलाच्या खालच्या तोंडातला उजेड मिळतो, म्हणून त्या वर उजळ आणि टोकाला अंधाऱ्या. ही चार कामं केलीत तर तेजोवलय कमी असलं तरी कंदील पेटलेला वाटतो.

---

ओळंबा

खळ_आणि_कागद यांचं अगदी बरोबर. मोडणाऱ्या दोरीलाही सोपं गणित आहे. सारख्या वजनाचे कंदील सारख्या अंतरावर असतील तर ते सगळे एकाच वक्रावर येतात, फक्त मधली दोरी सरळ असते.

```
y = 4 * s * (x/L) * (1 - x/L)
```

`s` म्हणजे मधला झोळ, `L` टोकांमधलं अंतर, `x` डाव्या टोकापासूनचं अंतर. पाच कंदिलांसाठी दोरीचे सहा भाग करा. ४५ सेंटिमीटर झोळ म्हणजे त्या दाराजवळ ११७ पिक्सेल. कंदिलांच्या गाठी टोकांपासून अनुक्रमे ६५, १०४, ११७, १०४, ६५ पिक्सेल खाली. गाठी सरळ रेषांनी जोडा. मधला कंदील मोठा आणि जड असेल तर त्याच्यापाशी कोन जास्त तीव्र होतो आणि बाकीची दोरी ताठ होत जाते.

---

निळीवेळ

झळाळीवर बोलते. `Outer Glow` मध्ये दोन गोष्टी बिघडतात. तो वापरताना बल्बच केशरी रंगवला जातो आणि भोवतालचं वलय एका ठरावीक अंतरावर संपतं. या एक्सपोजरला कॅमेऱ्यात बल्बचा गाभा पांढराच जळलेला येतो. रंग दिसतो तो कडेला आणि भोवतालच्या हवेत. आणि वलय जवळ दाट, मग झपाट्याने विरळ, पण फार लांबपर्यंत अगदी किंचित पसरलेलं असतं. ते एका ब्लरने साधत नाही, तीन लागतात.

बल्बचा लेअर काळ्या पार्श्वभूमीवर वेगळ्या फाइलमध्ये न्या आणि ती `32 Bits/Channel` करा. तीन प्रती काढून `Gaussian Blur` ६, २५ आणि १०० पिक्सेल द्या. इथे घाबरू नका: १०० चा ब्लर दिल्यावर दिवे पार नाहीसे होतात. खरा बल्ब भिंतीच्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी पट प्रखर असतो, आपल्या फाइलमध्ये मात्र तो नुसता पांढरा आहे, म्हणून पसरवला की काहीच उरत नाही. `Exposure` ने तो प्रखरपणा परत द्या. ६ च्या प्रतीला +२, बाकी दोघींना +४. मग त्या दोघींची अपारदर्शकता तीस टक्क्यांपासून सुरू करून डोळ्याने जुळवा. रंग फक्त ब्लर केलेल्या प्रतींना द्या, गाभ्याला नाही. तिन्ही `Linear Dodge (Add)` मोडमध्ये ठेवा, ३२ बिटमध्ये `Screen` मिळतच नाही. परत १६ बिटमध्ये येताना जी खिडकी उघडते तिच्यात `Exposure and Gamma` निवडा आणि आकडे ० आणि १ ठेवा, म्हणजे काही बदलणार नाही.

८ बिटमध्ये हेच केलंत तर मोठ्या वलयात जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतील. निळ्या आकाशावर ते लगेच उठून दिसतात.

---

रेषाबंध

एवढं सगळं करण्यापेक्षा मोठ्या मऊ ब्रशने केशरी उजेड मारला तर? भिंतींवरही तोच ब्रश फिरवता येतो.

---

निळीवेळ

आकाशातल्या वलयापुरता चालून जाईल. भिंतीवर नाही. केशरी रंग फासला की गिलाव्याचे पोपडे, लाकडाच्या रेषा सगळं धुक्याखाली जातं. उजेड पडला की ते उलट जास्त स्पष्ट दिसतात. म्हणून भिंतीसाठी `Curves` चा लेअर घ्या, लाल वर, हिरवा थोडा वर, निळा आहे तिथेच, आणि मास्क काळा करून जिथे उजेड पोचेल तिथेच पांढरा ब्रश फिरवा. हे काम ३२ बिटच्या आधी उरकून घ्या.

कुठे पोचेल हेही बघा. गॅलरीच्या कठड्याचा वरचा काठ, माळ बांधलेल्या खांबाची आतली बाजू, वरच्या मजल्याच्या गॅलरीचा खालचा भाग. माळ दोन मजल्यांच्या मधे आहे, म्हणून वरच्या गॅलरीच्या तळावर उजेड पडणारच आणि तुमच्या फोटोत तो भाग अजून निळा-काळा आहे. एकटा दिवा असता तर दुप्पट अंतरावर उजेड चौथाई झाला असता. माळ ही दिव्यांची रांग आहे, तिच्या जवळपास तो दुप्पट अंतरावर निम्माच होतो. त्यामुळे भिंतीवरचा पट्टा अपेक्षेपेक्षा रुंद आणि मऊ ठेवा.

---

ओळंबा

आता प्रतिबिंब. पूर्ण ग्रुप एका रेषेभोवती उलटा का करायचा नाही ते याच फोटोवर दाखवतो.

कॅमेरा पातळीत आहे म्हणजे क्षितिजरेषा फोटोच्या मधोमध, वरून २००० व्या पिक्सेलवर. दाराजवळच्या माळेची टोकं जमिनीपासून ३.५ मीटर उंच, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा २ मीटर वर. २ × २६० = ५२०, म्हणून टोकं १४८० वर. त्यांच्या बरोबर खालची जमीन कॅमेऱ्यापेक्षा १.५ मीटर खाली, म्हणजे २३९० वर. माळेचं प्रतिबिंब या जमिनीच्या रेषेच्या तितकंच खाली येणार जितकी माळ वर आहे. ९१० पिक्सेल वर, म्हणून ९१० खाली: ३३००. झोळाचा तळ १५७४ वर आहे, त्याचं प्रतिबिंब ३२०६ वर. म्हणजे प्रतिबिंबात माळ कमानीसारखी वर फुगलेली दिसते.

आता तीस मीटरवरची माळ घ्या. तिथे मीटर म्हणजे १३० पिक्सेल. टोकं १७४० वर, जमीन २१९५ वर, प्रतिबिंब २६५० वर. दोन माळांच्या आरशाच्या रेषा वेगळ्या आहेत, एकीची २३९०, दुसरीची २१९५. तुम्ही सगळा ग्रुप २३९० भोवती उलटवलात, त्यामुळे लांबच्या माळेचं प्रतिबिंब ३०४० वर गेलं, जिथे ते असूच शकत नाही. प्रत्येक माळ तिच्या तिच्या जमिनीच्या रेषेभोवती वेगळी उलटवा.

आणि दहा मीटरवरची सगळ्यात जवळची माळ? तिथे मीटर म्हणजे ४००, टोकं १२०० वर, जमीन २६०० वर, टोकांचं प्रतिबिंब थेट ४००० वर, फोटोच्या खालच्या काठावर. त्याहून जवळच्या माळेचं प्रतिबिंब फोटोच्या बाहेर पडतं. ते घालूच नका. बहुतेक जण घालतात, कारण वर माळ आहे तर खाली काहीतरी हवं असं वाटतं.

---

गल्लीतला_कॅमेरा

हे करून पाहिलं आणि पहिल्यांदाच फरशी फरशीसारखी दिसली. दोन प्रश्न. प्रतिबिंब किती फिकट ठेवायचं? आणि फरशीचा काही भाग सुकलाय, तिथे काय?

---

ओळंबा

किती फिकट हे नजर किती तिरकी पडते त्यावर आहे. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर शंभरातले दोनच भाग उजेड परत येतो. तिरकं पाहत गेलं की वाढत जातो. तुमच्या फोटोत तीस मीटरवरच्या माळेचं प्रतिबिंब फरशीच्या ज्या जागेवरून येतं ती जागा कॅमेऱ्यापासून नऊ मीटरवर आहे, तिथे साधारण चाळीस टक्के उजेड परततो. दारापाशीच्या माळेचं प्रतिबिंब साडेचार मीटरवरच्या फरशीतून येतं, तिथे सोळा टक्के. खालच्या काठावर सात-आठच. म्हणजे लांबच्या माळेचं प्रतिबिंब जवळच्यापेक्षा ठळक हवं. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे टक्के खऱ्या उजेडाचे आहेत, लेअरच्या अपारदर्शकतेचे नाहीत. ३२ बिटमध्ये काम केलंत तर आकडा जसाच्या तसा चालतो. १६ बिटमध्ये सोळा टक्क्यांच्या जागी चाळीसच्या आसपास ठेवावं लागेल. आणि बल्ब इतका प्रखर असतो की त्याचे सोळा टक्केही जवळजवळ पांढरेच दिसतात, तर कंदिलाचा कागद मात्र प्रतिबिंबात स्पष्ट मंद होतो. दोघांना एकाच लेअरमध्ये ठेवून एकत्र फिकट करू नका.

सुकलेल्या जागी आरसा नाही. तिथे मास्क काळा करा आणि नुसता उबदार उजेड पडू द्या. शहाबादीच्या फरशांमधले सांधे आणि ठोकळेदार खाचाही प्रतिबिंब तोडतात. मास्क हाताने रंगवण्यापेक्षा फरशीच्या मूळ फोटोचा उजळपणाच मास्क म्हणून वापरा, कारण ओली जागा आधीच आकाश दाखवते आहे.

ओघळ किती द्यायचा ते फोटोतच लिहिलेलं आहे. उजव्या बाजूच्या पेटलेल्या खिडकीचं प्रतिबिंब किती पिक्सेल खाली ओघळलंय ते मोजा आणि तेवढा `Motion Blur` ९० अंशात द्या. आडवा ब्लर जवळजवळ नको. उंबऱ्यासारख्या जमिनीला टेकलेल्या गोष्टींचं प्रतिबिंब तळाशी स्पष्ट असतं आणि वर जाईल तसं पसरतं, हा फरक माळांना नाही, त्या सगळ्याच उंच आहेत.

---

खळ_आणि_कागद

खाली दारासमोर रांगोळी आहे. त्या फरशीवर प्रतिबिंब टाकू नका. रांगोळी सुकलेल्या फरशीवरच काढलेली असणार आणि भुकटी चमकत नाही. तिच्यावर कंदिलाचा केशरी उजेड मात्र पडेल, तो पांढऱ्या रांगोळीवर सगळ्यात आधी दिसतो.

---

चांदणवाट

फोटो सुंदर होतोय. वर उजव्या कोपऱ्यात आकाश रिकामं वाटतं, तिथे पूर्ण चंद्र घातला तर माळांना सोबत होईल असं वाटतं.

---

निळीवेळ

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. त्या संध्याकाळी चंद्र नसतोच. हेच पत्र कोजागरीचं असतं तर घालता आला असता. कोपरा रिकामा वाटत असेल तर एका माळेचं टोक त्या बाजूच्या वरच्या गॅलरीला बांधून ती फोटोच्या बाहेर जाऊ द्या. अर्धवट कापलेली माळ बघताना गल्ली फोटोच्या बाहेरही चालू आहे असं वाटतं.

जवळच्या माळेबद्दल एक: फोकस पंधरा मीटरवर असेल आणि एखादी माळ दोन-तीन मीटरवर घातली तर ती धूसर हवी. `Gaussian Blur` दिला तर बल्ब राखाडी कापसासारखे होतात. लेन्समधून ते कडा असलेल्या चकत्या दिसतात. `Field Blur` वापरा आणि तो ३२ बिटच्या लेअरवर, प्रखरपणा वाढवून झाल्यावर द्या. मात्र २४ मिमीला f/८ असेल तर धूसरपणा फारच थोडा येईल. अॅपर्चर किती होतं?

---

गल्लीतला_कॅमेरा

f/११.

---

निळीवेळ

मग धूसर काहीच नको. त्याऐवजी प्रखर बल्बांना तारेसारखे किरण येतील. लेन्सच्या पात्या सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे सात पात्यांना चौदा. गल्लीच्या टोकाच्या रस्त्यावरच्या दिव्याला फोटोत किती आहेत ते मोजा आणि तेवढेच, त्याच कोनात द्या. आणि फक्त जवळच्या माळेतल्या बल्बांना, तेही अगदी छोटे.

---

रेषाबंध

माझ्या मते किरण नकोच. बाकी सगळं मान्य, पण प्रत्येक बल्बला चांदणी आली की शुभेच्छापत्र दागिन्यांच्या जाहिरातीसारखं दिसतं. रस्त्यावरच्या दिव्याचे असले तरी माळेचा बल्ब त्यापेक्षा खूप मंद आहे.

---

निळीवेळ

मंद आहे हे खरं. म्हणूनच छोटे म्हटलं. करून बघून ठरवावं.

---

घनआकार

हे सगळं ब्लेंडरमध्ये एका संध्याकाळी होतं. `fSpy` मध्ये गल्लीच्या रेषा देऊन कॅमेरा जुळवा, भिंती आणि फरशीचे साधे प्लेन ठेवा, फरशीला `Shadow Catcher` करा, माळा वक्रांवर ठेवा. झोळ, लांबी, प्रतिबिंबाची जागा, कंदिलाची खालची बाजू, सगळं आपोआप बरोबर येतं. हाताने २३९० आणि २१९५ कशाला मोजायचं?

---

ओळंबा

जागा आपोआप बरोबर येते हे मान्य, आणि पंचवीस माळा असत्या तर मीही तेच सुचवलं असतं. पण ओल्या-सुक्या फरशीचे डाग, सांधे, गिलाव्याचे पोपडे प्लेनवर नसतात. ते परत फोटोवरून मास्क करूनच आणावे लागतात. सहा माळांसाठी मला हाताचं काम कमी वाटतं. कंदिलाच्या खालच्या बाजूचा मुद्दा मात्र चांगला काढलात. फरशीतून आपण कंदिलाकडे जास्त खालून बघतो, म्हणजे प्रतिबिंबात त्याचं उघडं तोंड आणि आतला बल्ब डोकावायला हवा. नुसता उलटा केलेला कंदील ते दाखवत नाही.

---

घनआकार

निदान तेवढे पाच कंदील तरी ब्लेंडरमधून खालच्या कोनातून रेंडर करून घ्या. मास्कबद्दल अजून पटलेलं नाही, फरशीच्या फोटोवरूनच रफनेसचा नकाशा बनवता येतो.

---

गल्लीतला_कॅमेरा

नवीन प्रत जोडली आहे. माळांचे झोळ वेगवेगळे केले, कंदिलांची दोरी मोडली, प्रत्येक माळ तिच्या रेषेवर उलटवली. वरच्या गॅलरीच्या तळावर उजेड टाकल्यावर सगळ्यात जास्त फरक पडला. कंदील खालून दिसण्याचं काम बाकी आहे.

पण झूम केल्यावर दिवे जास्तच स्वच्छ दिसतात, बाकी फोटो थोडा खरखरीत आहे.

---

निळीवेळ

फोटोच्या अंधाऱ्या भागात जी रवाळ खर आहे तेवढीच दिव्यांच्या वलयावर द्या. `Add Noise` एक-दोन टक्के, `Monochromatic` ची खूण काढून, कारण तुमच्या फोटोतली खर रंगीत आहे. जळलेल्या पांढऱ्या गाभ्यावर खर नसते, तो मास्क करा. आणि डावीकडची दुसरी माळ अजून खांबाच्या पुढून जातेय. ती खांबाच्या मागे बांधली आहे, तर खांबाच्या रुंदीएवढे दोन बल्ब लपायला हवेत. वलय मात्र खांबाच्या दोन्ही कडांवरून थोडं पुढे सांडू द्या, ते लेन्समध्ये होतं, म्हणून खांब त्याला अडवत नाही.